वार्षिक अहवाल : स्नेहसंमेलन, सातारा

सन्माननीय पालकहो,

दहावीचे ६४ पैकी ६१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. उरलेल्या तिघांचे गणिताचे जादा तास रोज भरतात. ती मुले आजही आपलीच आहेत.

मुलींचा खो-खो संघ जिल्हा स्पर्धेत पोहोचला (छायाचित्र १). यातल्या चौघी ऊसतोड कुटुंबांतल्या. हंगामात त्यांना गावीच ठेवणाऱ्या आजी-आजोबांचे हे यश आहे.

जमा ४,८२,००० रुपये, खर्च ४,३५,५०० रुपये, शिल्लक ४६,५०० रुपये. हिशेबवही कार्यालयात केव्हाही पाहा.

प्रयोगशाळेचे छत गळते (छायाचित्र २). शिल्लक रकमेतून पावसाळ्याआधी पत्रे बदलू. संगणक कक्ष पुढच्या वर्षी; आधी मुलींचे स्वच्छतागृह. त्यासाठी शनिवारी पालकसभेला नक्की या.

आपला,
मुख्याध्यापक