नोंदकक्षातील कागदपत्रे जतन व निर्मूलन वेळापत्रक

द्राक्ष निर्यात कंपनी (प्रायव्हेट लिमिटेड), मुख्य कार्यालय, दिंडोरी रोड, नाशिक
अंमल: 1 एप्रिल 2025 पासून

1. व्याप्ती. नोंदकक्षातली 6 लोखंडी रॅक, लेखा विभागाची दोन कपाटे, पॅकहाउसमधून दर हंगामाअखेर येणारे गठ्ठे आणि संगणकावरील नोंदी या सर्वांना हे वेळापत्रक लागू आहे. शासकीय कार्यालयांतील अ, ब, क, ड वर्गवारी इथे वापरू नये. आपली प्रत्येक मुदत एखाद्या कायद्याशी किंवा ठरलेल्या गरजेशी बांधलेली आहे आणि ती कागदाच्या प्रकारावरूनच ठरते.

2. मुदत कशी मोजायची. सर्वाधिक चुका इथेच होतात. व्हाउचरवरची तारीख धरून 8 वर्षे मोजायची नाहीत. कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 128(5) नुसार चालू आर्थिक वर्षाच्या लगतपूर्वीची 8 पूर्ण आर्थिक वर्षे जपावी लागतात. म्हणजे 2025-26 मध्ये 2017-18 ते 2024-25 या वर्षांना हात लावायचा नाही. 2016-17 चे गठ्ठे तपासणीला काढता येतील. जीएसटीचे गणित निराळे आहे. कलम 36 प्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने मोजतात. 2023-24 साठी ही मुदत 31 डिसेंबर 2024 होती, म्हणून जीएसटीपुरते ते कागद 31 डिसेंबर 2030 पर्यंत लागतील, पण कंपनी कायद्यामुळे 31 मार्च 2032 पर्यंत. एकाच कागदाला दोन मुदती असतील तर उशिराची धरायची.

प्रत्येक बॉक्सवर आर्थिक वर्ष, मजकूर आणि "या तारखेआधी नष्ट करू नये" ही तारीख पर्मनंट मार्करने लिहावी. बॉलपेनची अक्षरे चार पावसाळ्यांत फिकी पडतात.

3. मुदतींचा तक्ता

| कागदपत्रे | मुदत | जबाबदार |
|---|---|---|
| सर्वसाधारण सभा व संचालक मंडळाची इतिवृत्ते, सभासद नोंदवही | कायम | संचालक |
| भागपत्र वाटपाची पुस्तके व कागद | किमान 30 वर्षे. वाद असल्यास कायम | संचालक |
| वार्षिक विवरणपत्रांच्या प्रती | निबंधकाकडे दाखल केल्यापासून 8 वर्षे | लेखा व्यवस्थापक |
| खतावणी, रोजकीर्द, व्हाउचर, बँक विवरणे, बिले | 8 पूर्ण आर्थिक वर्षे | लेखा व्यवस्थापक |
| जीएसटी पावत्या, ई-वे बिले, परताव्याचे अर्ज | जीएसटी मुदत किंवा 8 वर्षे, जे उशिराचे ते | लेखा व्यवस्थापक |
| शिपिंग बिल, बिल ऑफ लॅडिंग, परकीय रक्कम मिळाल्याची बँक प्रमाणपत्रे | 8 पूर्ण आर्थिक वर्षे | निर्यात सहायक |
| शेतकऱ्यांचे करार, बँक तपशील | करार संपल्यापासून 8 वर्षे | खरेदी अधिकारी |
| फवारणी नोंदी, अवशेष तपासणी अहवाल | 5 वर्षे | पॅकहाउस प्रमुख |
| जमीन, इमारत, कर्जफेडीचे दाखले | कायम | संचालक |
| कर्मचारी वैयक्तिक फाइल, वेतनपत्रक, हजेरी | नोकरी सोडल्यापासून 8 वर्षे | मनुष्यबळ अधिकारी |
| पीएफ व पेन्शनचे नामनिर्देशन, वर्गणी नोंदी | कायम | मनुष्यबळ अधिकारी |
| निवड न झालेल्या उमेदवारांचे अर्ज | 6 महिने | मनुष्यबळ अधिकारी |
| आवक-जावक नोंदवही | 8 वर्षे | नोंदकक्ष प्रभारी |
| सीसीटीव्ही चित्रण | 30 दिवस | नोंदकक्ष प्रभारी |

कराराची रक्कम वसूल करण्याचा दावा मुदत अधिनियम 1963 प्रमाणे साधारणतः 3 वर्षांत करावा लागतो. शेतकऱ्यांच्या करारांना तरीही 8 वर्षे दिली आहेत, कारण त्यांच्या आधारे दिलेली रक्कम हिशोबातले व्हाउचर असते. फवारणी नोंदींसाठी ग्लोबलगॅपला किमान 2 वर्षे पुरतात. पण परदेशी खरेदीदाराची तक्रार कधी कधी हंगाम उलटल्यावर येते आणि त्या वेळी बागेचा प्लॉट क्रमांक व फवारणीची तारीख हाताशी असावी लागते. पीएफचे कागद कायम ठेवण्याचे कारणही असेच आहे. नोकरी सोडून वीस वर्षे झालेला माणूस पेन्शनसाठी कागद मागायला येतो. त्याला "ते आता सापडणार नाही" असे सांगायची वेळ येऊ द्यायची नाही.

4. नष्ट करण्यावर स्थगिती. अपील, चौकशी, दावा, लेखापरीक्षणातील आक्षेप किंवा समन्स आल्याबरोबर लेखा व्यवस्थापकाने संबंधित बॉक्सवर लाल पट्टी लावावी आणि स्थगिती नोंदवहीत प्रकरण क्रमांक लिहावा. जीएसटीच्या प्रकरणात अंतिम निकालानंतर 1 वर्ष किंवा 72 महिने, यांपैकी उशिराची मुदत लागू होते. लाल पट्टी काढण्याचा अधिकार फक्त संचालकांचा आहे. सध्या 2016-17 च्या व्हॅट परताव्याचे अपील चालू असल्याने रॅक 4 वरील बॉक्स 11 ते 14 स्थगित आहेत, त्यामुळे त्या वर्षाची मुदत संपली असली तरी ते काढू नयेत.

5. साठवण. सर्वांत खालची फळी जमिनीपासून 15 सेंमी वर आणि रॅक भिंतीपासून 10 सेंमी दूर असावे. उत्तरेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून तिथे एकही बॉक्स ठेवू नये. जून ते सप्टेंबर दर सोमवारी प्रभारीने बॉक्सच्या तळाला हात लावून ओल पाहावी. वाळवी पहिल्यांदा तळाच्या पुठ्ठ्यातच शिरते. कसर दिसली तर तो बॉक्स त्याच दिवशी बाहेर काढून वेगळा ठेवावा. थर्मल कागदावरच्या टोल आणि डिझेलच्या पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स 7 दिवसांत काढून मूळ पावतीला जोडावी. रबर बँड लावू नयेत, ते वितळून कागदाला चिकटतात. सुती फीत वापरावी.

6. संगणकावरील नोंदी. हिशोबाच्या नोंदींची बॅकअप प्रत भारतातील सर्व्हरवर रोज घेतली जाते. 1 एप्रिल 2023 पासून लेखा सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणे बंधनकारक आहे. तो पर्याय कोणीही बंद करू नये. स्कॅन प्रत ठेवली म्हणून मूळ मुद्रांक कागद, सही केलेले करार आणि मालमत्तेचे दस्त फाडू नयेत. संगणकीय नोंद न्यायालयात मांडायची झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र लागते. म्हणून स्कॅन कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रावर केले हे स्कॅन नोंदवहीत लिहावे.

7. निर्मूलनाची पद्धत. वर्षातून एकदाच, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. प्रभारी 10 एप्रिलपर्यंत यादी करतो. लेखा व्यवस्थापक तिच्यातील प्रत्येक नोंद मुदत आणि स्थगिती नोंदवहीशी ताडून पाहतो. त्यानंतर संचालक लेखी मंजुरी देतात. तिन्ही सह्या झाल्याशिवाय एकही बॉक्स कक्षाबाहेर जाणार नाही. रद्द केलेली भागपत्रे मात्र संचालक मंडळाच्या ठरावानेच आणि मंडळाने नेमलेल्या व्यक्तीसमोर, परत आल्यापासून 3 वर्षांनंतर नष्ट करता येतात.

रद्दीवाल्याला कागद विकणे पूर्ण बंद आहे. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, सातबारा आणि बँक खाते छापलेला कागद भेळेच्या पुडीच्या रूपाने बाजारात फिरावा, हे आपल्याला मान्य नाही. वैयक्तिक तपशील असलेले कागद क्रॉस-कट श्रेडरमधून जातील. सरळ पट्ट्या कापणारा श्रेडर चालणार नाही, कारण त्या पट्ट्या जुळवता येतात. मोठे गठ्ठे कागद गिरणीत लगद्यासाठी द्यावेत, प्रभारीने वजनकाट्यावर हजर राहावे आणि वजनाची पावती नोंदवहीला चिकटवावी. हार्ड डिस्क फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. ती ड्रिलने तीन ठिकाणी भोकून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे द्यावी.

8. निर्मूलन नोंदवही. बॉक्स क्रमांक, मजकूर, कालावधी, मुदत संपल्याची तारीख, नष्ट करण्याची पद्धत, वजन, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ही नोंदवही कायम जपायची. पुढे कोणी कागद मागितला आणि तो नसेल, तर तो नियमाप्रमाणे गेला हे याच नोंदीवरून दाखवता येते.

9. किल्ली. एक प्रभारीकडे, दुसरी संचालकांच्या कपाटात. फाइल बाहेर नेताना तिच्या जागी नाव आणि तारखेची पिवळी चिठ्ठी लावावी. 15 दिवसांत परत न आल्यास प्रभारी लेखी विचारणा करेल. प्रभारी रजेवर असताना काम निर्यात सहायक पाहील.

मंजूर: संचालक. प्रत: लेखा व्यवस्थापक, मनुष्यबळ अधिकारी, खरेदी अधिकारी, निर्यात सहायक, पॅकहाउस प्रमुख, नोंदकक्षाचे दार (आतल्या बाजूने).