असाइनमेंट: चार जणांच्या गटासाठी आरयूपी बेतताना
(विषय: सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. प्रकल्प: गावच्या दूध संस्थेसाठी संकलन व बिल प्रणाली)

प्रकल्प आणि गट

आम्ही चौघे एमसीएचे विद्यार्थी. हाताशी एक सत्र, म्हणजे सुमारे १२ आठवडे. ज्या संस्थेसाठी काम करतो तिथे सकाळ-संध्याकाळ दूध येते, फॅट आणि एसएनएफ मोजले जाते, उत्पादकाला पावती मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. बिलातून पशुखाद्याची उधारी आणि उचल वजा होते. आज हे सगळे रजिस्टर आणि एक्सेलवर चालते. ते एका छोट्या प्रणालीत आणायचे आहे.

असाइनमेंटमध्ये आरयूपी, म्हणजे रॅशनल युनिफाइड प्रोसेस ही सॉफ्टवेअर विकासाची पद्धत दिली आहे. तिचे इन्सेप्शन, इलॅबोरेशन, कन्स्ट्रक्शन आणि ट्रान्झिशन असे चार टप्पे आणि नऊ डिसिप्लिन, म्हणजे कामाची क्षेत्रे आहेत. त्यांतल्या एन्व्हायर्नमेंट या डिसिप्लिनमध्ये ‘डेव्हलपमेंट केस’ हा दस्तऐवज येतो: या प्रकल्पात पद्धतीतले काय वापरणार, काय नाही आणि का. हा मजकूर म्हणजे आमची डेव्हलपमेंट केस.

ठरवण्याची कसोटी

पूर्ण यादी समोर ठेवून एकेक दस्तऐवज खोडत जावे, असे पहिल्यांदा मनात येते. पण खोडताना हात आखडतो. प्रत्येक गोष्ट ‘कधीतरी लागेल’ असे वाटते आणि कागद उरतातच. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी नेमका हाच धोका दाखवून उलट दिशेने जायला सांगितले आहे: थोडक्यापासून सुरुवात करा आणि गरज सिद्ध होईल तसे वाढवा. आम्ही तसेच केले. कोऱ्या पानापासून सुरुवात करून प्रत्येक दस्तऐवजासाठी एकच प्रश्न विचारला: हा कागद कोण, कोणत्या प्रसंगी उघडणार? माणूस आणि प्रसंग दोन्ही सांगता आले तर ठेवायचा.

चौघांत संवादाच्या जोड्या सहाच होतात, दहा जणांत त्या ४५ होतात. आम्ही एकाच लॅबमध्ये बसतो. त्यामुळे एकमेकांना माहिती पोचवण्यासाठी लिहिलेले बहुतेक कागद इथे निरुपयोगी आहेत. आमच्याबाहेरच्या माणसासाठी लिहिलेले मात्र गट लहान असला तरी लागतातच. या प्रकल्पात अशी माणसे तीन: संस्थेचे सचिव, लेखापरीक्षक आणि आमच्यानंतर ही प्रणाली सांभाळणारा.

काय वगळले

बिझनेस मॉडेलिंग स्वतंत्रपणे करणार नाही. संकलनाच्या वेळी केंद्रावर उभे राहून ते काम होते आणि जे दिसले ते थेट यूज केसमध्ये, म्हणजे वापरणारा प्रणालीकडून एखादे काम कसे करून घेतो याच्या वर्णनात जाते. पुनरावृत्तीचा, म्हणजे कामाच्या प्रत्येक छोट्या फेरीचा मूल्यमापन अहवाल, सविस्तर चाचणी आराखडा आणि स्वतंत्र डिप्लॉयमेंट प्लॅन वगळले. केंद्र एक, संगणक एक. तिथे बसवण्याच्या पायऱ्या एका पानात मावतात. पाच दृश्यांचा आर्किटेक्चर दस्तऐवजही नको. त्याऐवजी एक आकृती आणि निर्णयांची छोटी नोंदवही: काय ठरले, कोणते पर्याय होते, का नाकारले. उदाहरणार्थ, संध्याकाळच्या संकलनात वीज किंवा इंटरनेट गेले तरी काम थांबता कामा नये, म्हणून नोंदी आधी केंद्रावरच्या संगणकात साठतील. हा निर्णय पुढच्या माणसाला कारणासकट मिळाला नाही, तर तो ‘सुधारणा’ म्हणून सगळे सर्व्हरवर नेईल आणि पहिल्याच पावसाळ्यात संकलन अडेल.

आरयूपीतल्या भूमिकाही एकत्र केल्या आहेत. प्रत्येकाकडे दोन-तीन भूमिका येतील. बंधन एकच: दराचा कोड ज्याने लिहिला, त्याने तो तपासायचा नाही.

काय ठेवले

अर्ध्या पानाचे व्हिजन आणि जोखमींची यादी. यादीत सर्वांत वर आमच्या परीक्षेचा आठवडा आहे, कारण तो नेमका ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे प्रणाली संस्थेच्या हाती देतानाच येतो. यूज केस फक्त चार सविस्तर: दूध नोंद, बिल काढणे, कपात आणि नोंदीची दुरुस्ती. बाकीच्यांना एकेक ओळ पुरे.

शब्दसूची आम्ही आग्रहाने ठेवली. अनेक लहान प्रकल्प तिला सर्वांत आधी कात्री लावतात. पण संस्थेत ‘दर’ म्हटले की कधी दरपत्रकातला मूळ दर असतो, कधी फॅट-एसएनएफनुसार निघालेला प्रत्यक्ष दर. डेटाबेसमध्ये हे दोन रकाने वेगळे राहिले नाहीत, तर चुकीचे पैसे जातील.

एका ठिकाणी कागद वाढवला

बेतणे म्हणजे फक्त कमी करणे, असे आम्ही मानत नाही. सॉफ्टवेअर पद्धतींचे अभ्यासक अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी पद्धतीचे वजन ठरवताना माणसांच्या संख्येसोबत चुकीची किंमतही मोजायला सांगितले आहे: गैरसोय, थोडेफार पैसे, अत्यावश्यक पैसे की जीव. आमचा गट लहान आहे, पण बिलातले पैसे बहुतेक उत्पादकांच्या घरखर्चाचे आहेत. म्हणून दर आणि बिल या भागासाठी ‘गणनेचे नियम’ हा स्वतंत्र दस्तऐवज आम्ही जोडला. आरयूपीत व्यवसाय-नियमांची जागा आहे, पण आमचा कागद त्याहून बारकाईने लिहिलेला असेल.

त्याची गरज एका उदाहरणातून कळेल. ७.३ लिटर दूध आणि दर ३३.४५ रुपये. गुणाकार २४४.१८५. पावतीवर २४४.१८ छापायचे की २४४.१९? आणि हे पूर्णांकन प्रत्येक पावतीला करायचे की दहा दिवसांच्या बेरजेवर? दहा दिवसांत एका उत्पादकाच्या २० नोंदी होतात. पावत्या एका रीतीने आणि बिल दुसऱ्या रीतीने काढले, तर काही पैशांचा फरक पडेल. रक्कम क्षुल्लक असली, तरी जो उत्पादक घरी बसून पावत्यांची बेरीज करतो त्याचा विश्वास उडायला तेवढी पुरते.

सचिवांशी बोलून ठरवलेला नियम: प्रत्येक नोंदीची रक्कम पैशापर्यंत पूर्णांकित करायची, अर्धा पैसा वरच्या पैशात धरायचा आणि बिल म्हणजे पूर्णांकित रकमांची बेरीज, कपाती वजा करून. रक्कम डेटाबेसमध्ये पूर्णांकी पैशांत साठवायची, दशांश अपूर्णांकात नाही. प्रत्येक नियमामागे किमान एक चाचणी असेल. सचिवांनी हाताने सोडवून दिलेली उदाहरणे तिचा आधार असतील.

बदल नियंत्रणही याच भागापुरते कडक आहे. इतर बदल आम्ही आपसात ठरवून गिटच्या संदेशात नोंदवू. गणनेच्या नियमात बदल मात्र सचिवांच्या सहीशिवाय होणार नाही. जुना दर पुसायचा नाही, लागू झाल्याच्या तारखेसह ठेवायचा. लेखापरीक्षक मागच्या वर्षातले एखादे बिल काढून विचारतील, तेव्हा त्या दिवशीचा दर दाखवता आला पाहिजे.

फेरविचार कधी

इलॅबोरेशन संपताना आणि त्यानंतर प्रत्येक पुनरावृत्तीच्या शेवटी ही केस पुन्हा वाचू. सलग दोन पुनरावृत्त्यांत जो कागद कुणीही उघडला नाही, तो बंद होईल. गणनेच्या नियमांना ही अट लागू नाही. संस्थेने दुसरे केंद्र जोडले, तर डिप्लॉयमेंट प्लॅन परत येईल. गटातले कोणी मध्येच सोडून गेले, तर त्याच्या भागाची आकृती आणि निर्णय-नोंद त्याच आठवड्यात पूर्ण करून मगच नवे काम हाती घेऊ.