सायकल सेल: आधी उंची मोजू, मग रंग निवडा

🚲 मुलांच्या सायकलींवर २० टक्के, मोठ्यांच्या सायकलींवर १५ टक्के सूट. या शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. सूट छापील किमतीवर, फिटिंगचे वेगळे पैसे नाहीत.

“जरा मोठीच द्या, पोरगं वाढतंय” असं प्रत्येक सेलला कुणीतरी म्हणतंच. आम्ही देत नाही. पाय टेकत नसले की मूल घाबरतं आणि सायकल जिन्याखाली पडून राहते. तेव्हा वय सांगण्यापेक्षा उंची मोजून या. त्याहून बरं, मुलालाच घेऊन या.

ढोबळ अंदाज असा (चाकाचं माप, कंसात उंची):
१२ इंच (८५ ते १०० सेंमी), १४ इंच (९५ ते ११०), १६ इंच (१०५ ते १२०), २० इंच (११५ ते १३५), २४ इंच (१३० ते १५०). १२ ते १६ इंचांना बाजूची छोटी चाकं सोबत मिळतील. दोन मापांच्या मधे असाल तर इथे दोन्हींवर बसवून बघू.

मोठ्यांसाठी २६, २७.५ आणि २९ इंची चाकं, गिअरच्या आणि बिनगिअरच्या. मोठ्यांच्या सायकलीत चाकापेक्षा फ्रेमचं माप महत्त्वाचं. १५, १७ आणि १९ इंची फ्रेम शिल्लक आहेत. रोज बाजारहाट आणि ऑफिसला जायचं असेल तर बिनगिअरची, मडगार्ड-कॅरिअरवाली घ्या. २१ गिअर हवेतच असं काही नाही, हे आम्ही विकणारेच सांगतोय.

फिटिंग मोफत म्हणजे नुसतं हँडल-पॅडल लावून देणं नव्हे. चाकाचा आऊट काढतो, ब्रेक आणि गिअर लावतो, हवा भरतो. मग तुम्हाला सीटवर बसवून टाच पॅडलवर ठेवायला सांगतो: पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, की सीटची उंची बरोबर. नवशिक्या मुलांची सीट मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली. एका सायकलीला पाऊण तास तरी लागतो, घाई करू नका. नव्या वायरी सुरुवातीला ताणतात, ब्रेक सैल वाटू लागतो. म्हणून महिन्याभरात एकदा आणा, पहिली सर्व्हिसही मोफत.

वॉरंटी: फ्रेम आणि पुढच्या फोर्कला २ वर्षं, उत्पादनातल्या दोषासाठी. गिअर आणि ब्रेकच्या सेटला ६ महिने. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, ग्रिप ही झिजणारी वस्तू, ती यात नाही. पडून वाकलेली फ्रेमही नाही. पॅडलच्या आसाखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, तो आम्ही बिलावर लिहून देतो. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

सकाळी १० ते रात्री ८. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, फिटिंगला निवांत वेळ हवा असेल तर दुपारी या. १६ आणि २० इंची आधी संपतात. माप आणि रंग मेसेज करा, एक दिवस राखून ठेवू.

#सायकल #सायकलसेल #मुलांचीसायकल