क्षारयुक्त की चोपण : स्क्रीनशॉटमधल्या गोषवाऱ्याचा अनुवाद

निपाणी

ती. आप्पांस साष्टांग नमस्कार.

आपण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधल्या शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याचा अनुवाद खाली देत आहे. मळीतल्या उसाच्या पट्टीत जिप्सम टाकण्याचा विचार आपण याच मजकुरावरून करत आहात, त्यामुळे जिथे मराठी शब्द ठरलेला नाही तिथे मी कोणता शब्द घेतला आणि का, हेही लिहिले आहे.

अनुवाद असा :

«कालव्याच्या व उपसा सिंचनाच्या पाण्याचा अतिवापर आणि अपुरा निचरा यांमुळे काळ्या जमिनींत भूजलाची पातळी वर येते. केशाकर्षणाने वर चढलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन विद्राव्य क्षार पृष्ठभागाजवळ साचतात. अशा जमिनींचे तीन प्रकार मानले जातात. ज्या जमिनीच्या संपृक्त लगद्याच्या अर्काची विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांपेक्षा कमी आणि सामू 8.5 पेक्षा कमी असतो, ती क्षारयुक्त जमीन. ज्या जमिनीची वाहकता 4 पेक्षा कमी, पण विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांपेक्षा जास्त आणि सामू बहुधा 8.5 पेक्षा जास्त असतो, ती चोपण जमीन. वाहकता आणि सोडियम दोन्ही मर्यादेबाहेर असल्यास ती क्षारयुक्त-चोपण जमीन होय. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेल्या व्हर्टिसोल जमिनींत सोडियमचे दुष्परिणाम 15 टक्क्यांच्या आतही दिसू शकतात, कारण मातीचे कण सुटे होऊन विखुरतात व पाणी मुरण्याचा वेग घटतो. क्षारयुक्त जमिनीसाठी निचरा व लीचिंग हा मुख्य उपाय आहे. चोपण जमिनीत त्याआधी जिप्सम देणे आवश्यक असते. मोल ड्रेनच्या…»

चित्र इथेच कापले गेले आहे, त्यामुळे पुढचे वाक्य मी अंदाजाने पूर्ण केलेले नाही. पूर्ण पानाचे चित्र मिळाल्यास तेवढा भाग नंतर पाठवीन.

सर्वांत जास्त विचार मला «क्षार» या शब्दाचा करावा लागला. मराठी शाळेच्या पुस्तकांत क्षार म्हणजे मीठवर्गीय पदार्थ, म्हणून क्षारयुक्त जमीन म्हणजे विद्राव्य मिठे साचलेली जमीन. हिंदीत मात्र त्याच जमिनीला «लवणीय» म्हणतात आणि «क्षारीय» हा शब्द आपल्या चोपण जमिनीसाठी वापरतात. एखादे हिंदी पत्रक वाचून मराठी माणसाने «क्षारीय»चा अर्थ क्षारयुक्त असा घेतला, तर उपाय थेट उलटा होतो. त्यात आपल्याकडे बोलताना दोन्ही जमिनींना सरसकट «क्षारपड» म्हणतात, आणि कन्नड शेजारी «सवळु-जवळु» म्हणतात, त्यात सवळु म्हणजे खारवट आणि जवळु म्हणजे पाणथळ, पण सोडियमचा वेगळा हिशेब त्या जोडशब्दातही नाही. म्हणून अनुवादात मी «क्षारपड» हा शब्द कुठेही वापरलेला नाही. «चोपण» मात्र कृषी मराठीत चांगला रुळलेला आहे, आणि ओली असताना चिकटणारी, वाळली की दगडासारखी घट्ट होणारी जमीन त्या शब्दातून आपोआप डोळ्यांसमोर येते.

«सामू», «निचरा» व «विद्युत वाहकता» यांबद्दल शंका नाही. सोडियमच्या विशेषणासाठी विनिमयक्षम, विनिमययोग्य आणि विनिमयशील अशी तीनही रूपे छापलेली आढळतात. मातीच्या कणांना चिकटलेला आणि कॅल्शियमने हटवता येणारा सोडियम, असाच तिन्हींचा अर्थ आहे. जिप्सम कॅल्शियम पुरवते, म्हणून ते चोपण जमिनीत उपयोगी पडते.

«लीचिंग»ला निक्षालन असा शब्द आहे, पण तो शेतात कोणी बोलत नाही, म्हणून मूळ शब्द तसाच ठेवला. जास्तीचे पाणी देऊन क्षार मुळांखाली धुऊन नेणे, असा त्याचा अर्थ घ्यावा. पाणी खाली निघून जायला वाट नसेल, तर तेच पाणी पातळी आणखी वर आणते, हे आपण मळीत पाहिलेच आहे. कण विखुरण्याच्या क्रियेला मी जाणीवपूर्वक संज्ञा दिलेली नाही; विज्ञानाच्या पुस्तकांतला «अपस्करण» हा शब्द प्रकाशाचे रंग वेगळे होण्यासाठी ठरलेला आहे आणि मातीसाठी तो वापरल्यास चुकीचे चित्र उभे राहील. «व्हर्टिसोल»ही तसाच ठेवला, कारण प्रत्येक काळी जमीन त्या वर्गात मोडत नाही. «मोल ड्रेन»साठीही मला मराठी शब्द सापडला नाही. जमिनीखाली नांगरासारख्या अवजाराने पाडलेली, नळ न घातलेली पोकळ नाळ, असे त्याचे वर्णन करता येईल.

वरच्या पांढऱ्या थरावरून जमीन क्षारयुक्त असावी असे वाटते, पण नजरेवर विसंबून पोती आणू नयेत. माती परीक्षणाच्या अहवालात वाहकता, सामू आणि विनिमयक्षम सोडियम हे तिन्ही आकडे आहेत का ते पाहावे, आणि वाहकता संपृक्त लगद्याच्या अर्काची आहे की एक भाग माती व दोन भाग पाण्याच्या मिश्रणाची, हे विचारून घ्यावे, कारण दुसऱ्या पद्धतीचा आकडा कमी येतो आणि वरच्या 4 शी त्याची थेट तुलना करता येत नाही. अहवाल कन्नडमध्ये असेल तर त्याचाही फोटो पाठवावा, मी त्याच रात्री वाचून कळवीन.

काकूंना नमस्कार सांगावा. कळावे.

आपला पुतण्या