टॉवेल विभागाच्या बिलिंगमधील बिघाडांचे विश्लेषण आणि दुरुस्तीचा क्रम

ठिकाण: अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
कोणासाठी: भागीदार, हिशोब विभाग, गोदाम, लोडिंग

दिवाळीच्या आधी हैदराबादच्या पार्टीला ६० डझन टॉवेल गेले आणि बिल निघाले ६० नगांचे. भाव नगाला ८० रुपये. ५७,६०० रुपयांच्या मालाचे बिल ४,८०० रुपयांचे झाले. ही चूक चाळीस दिवसांनी, गोदामाचा साठा मोजताना सापडली. पार्टी जुनी आणि सचोटीची असल्यामुळे डेबिट नोट मान्य झाली. ऑपरेटरला बोल लावून हा विषय संपवायचा नाही, असे आम्ही तेव्हाच ठरवले. ऑर्डर लिहून घेण्यापासून पैसे जमा होईपर्यंत चूक कुठे कुठे होऊ शकते, हे बिलिंग, गोदाम, लोडिंग आणि हिशोब या चौघांनी दोन दुपारी एकत्र बसून लिहून काढले.

प्रत्येक बिघाडाला १ ते १० मध्ये तीन गुण दिले. तीव्रता म्हणजे चूक झालीच तर नुकसान किती. शक्यता म्हणजे ती किती वेळा होते: २ म्हणजे वर्षातून एखादी, ४ म्हणजे तिमाहीत दोन-तीन, ७ म्हणजे जवळपास दर आठवड्याला. तिसरा गुण शोधाचा, आणि पहिल्या दुपारी सगळा गोंधळ इथेच झाला. चूक जितकी लपून राहते तितका हा आकडा मोठा. सॉफ्टवेअर स्वतःच अडवत असेल तर १, साठा मोजल्याशिवाय कळत नसेल तर ९. आमच्यातल्या दोघांनी "लगेच सापडते" म्हणून ८ लिहिले होते. ते सगळे रकाने पुन्हा भरले.

| बिघाड | तीव्रता | शक्यता | शोध | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| डझनाऐवजी नग, बिल कमी | ९ | ४ | ९ | ३२४ |
| माल गेला, बिल झालेच नाही | ८ | ४ | ८ | २५६ |
| जुना भाव लागला | ५ | ७ | ५ | १७५ |
| बिल पार्टीपर्यंत पोचले नाही | ४ | ६ | ७ | १६८ |
| २,५०० वरच्या नगाला ५ टक्केच कर | ८ | २ | ७ | ११२ |
| पार्टीचा जीएसटी नंबर चुकला | ७ | ३ | ५ | १०५ |
| ई-वे बिलात जुना गाडी नंबर | ९ | २ | ३ | ५४ |
| नगाऐवजी डझन, बिल जास्त | ५ | ३ | २ | ३० |

डझन-नगाची चूक आधी एकाच ओळीत होती. लोडिंगवाल्यांनी विचारले, "बिल जास्त झालं तर पार्टीचा फोन दोन तासांत येतो. कमी झालं तर कोण फोन करतंय?" प्रश्न अगदी बरोबर होता. एकाच चुकीच्या दोन बाजू, पण एक स्वतः ओरडते आणि दुसरी गप्प बसते. म्हणून ओळ फोडली. एकीला ३० आले, दुसरीला ३२४. एकाच ओळीत ठेवली असती तर मधला कुठला तरी आकडा आला असता आणि तो दोन्ही बाजूंना खोटा ठरला असता.

बिल कमी होण्याच्या ओळीची तीव्रता आधी ७ धरली होती. मग लक्षात आले की परराज्यात ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. आपला खरा माल करासह ६०,४८० रुपयांचा, पण चुकीचे बिल ५,०४० चे, त्यामुळे ई-वे बिल निघालेच नाही. रस्त्यात तपासणी झाली असती तर माल अडला असता. मालक पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट, म्हणजे २,८८० रुपये करावर ५,७६०. ही रक्कम मोठी नाही. पण त्याच गाडीत इतर चार पार्ट्यांचा माल असतो आणि तोही खोळंबतो. म्हणून ९.

आता क्रमाबद्दल. फक्त गुणाकार बघितला तर ई-वे बिलातला जुना गाडी नंबर (५४) शेवटून दुसरा येतो आणि जुना भाव (१७५) तिसरा. मला हे पटत नाही. भाव चुकला तर नंतर क्रेडिट किंवा डेबिट नोट काढता येते. गाडी रस्त्यात अडली तर सोलापुरात बसून काही करता येत नाही. गुणाकारात तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात आणि भयंकर पण क्वचित घडणारी चूक खाली दबते. अमेरिकेतील एआयएजी आणि जर्मनीतील व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनीही २०१९ च्या संयुक्त हस्तपुस्तिकेत नुसत्या गुणाकारावर क्रम लावणे सोडून तीव्रतेला पहिला मान दिला. आपणही तसेच करावे: तीव्रता ९ किंवा १० असेल ते आधी, बाकीचे गुणाकाराने.

त्यानुसार पहिले काम डझन-नगाचे. घाऊक टॉवेलच्या आयटममधून "नग" हे एकक काढूनच टाकायचे. शिवाय प्रत्येक आयटमला एका नगाचे वजन भरायचे. आपला तो टॉवेल २५० ग्रॅमचा. ६० डझनांचे वजन १८० किलो, ६० नगांचे १५ किलो. गठ्ठ्याच्या काट्याची चिठ्ठी आपल्याकडे रोज निघते, पण ती आजवर फक्त ट्रान्सपोर्टच्या भाड्यासाठी बघितली जायची. बिलातले वजन आणि चिठ्ठी यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बिल पक्के करायचे नाही. शक्यता ४ वरून २, शोध ९ वरून ३ होईल, गुणाकार ५४. तीव्रता मात्र ९ च राहील.

दुसरे, गाडी नंबर. ट्रान्सपोर्ट ऐनवेळी गाडी बदलते आणि फोन गोदामात येतो, ऑफिसला कळत नाही. लोडिंग संपल्यावर नंबर प्लेटचा फोटो बिलिंगला पाठवायचा, तो ई-वे बिलाशी जुळला की मगच गाडी सोडायची. खर्च शून्य.

तिसरे, बिलाशिवाय गेलेला माल. रात्री आठला गाडी लागते, ऑपरेटर घरी गेलेला असतो, "सकाळी बिल करू" म्हणून माल भरला जातो. सकाळी दुसरेच काम निघते. उपाय एकच दिसतो: गेटपासवर बिल नंबर नसेल तर वॉचमनने गेट उघडायचे नाही, मग फोन कोणाचाही येवो. नेट बंद असेल तर गाडी थांबेल. यात भागीदारांची स्पष्ट संमती हवी, कारण पहिला अपवाद बहुतेक तुमच्याच फोनने मागितला जाईल.

भावयादीला "कधीपासून लागू" ही तारीख टाकली की जुन्या भावाचा प्रश्न बराचसा सुटतो. सुताचे भाव हलले की आपली यादी व्हॉट्सॲपवर फिरते आणि कोणती नवी, कोणती जुनी ते कळत नाही. बिल पोचल्याची खात्री दर शनिवारी फोनने करायची.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. आपले टॉवेल त्या मर्यादेच्या खूप खाली असतात, पण भारी बेडशीटचा माल अधूनमधून निघतो. त्यासाठी वेगळा आयटम कोड पुरेसा आहे. जीएसटी नंबर पार्टीच्या कागदावरून उतरवायचा नाही, पोर्टलवर तपासूनच नवे खाते उघडायचे. आपल्या बिलांना ई-इन्व्हॉइस लागते आणि ते २४ तासांतच रद्द करता येते. म्हणून रोज संध्याकाळी सहाला दिवसभराची बिले दुसऱ्या माणसाने चाळायची. चूक तेव्हा सापडली तर रद्द करून नवे बिल काढता येते, दुसऱ्या रात्री सापडली तर नोटांचा व्याप सुरू होतो.

वजनाची तपासणी आणि गेटपास १ डिसेंबरपासून, बाकी १५ डिसेंबरपर्यंत. गुण पुन्हा जानेवारीच्या शेवटी देऊ. मुद्दाम तेव्हा, कारण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत निम्मे लोक रजेवर असतात आणि बदली माणूस बिलिंगला बसतो. त्या आठवड्यातली बिले वेगळी काढून त्यांच्यावरूनच शक्यतेचे गुण द्यायचे.