वाचकहो, निरोप घेते

प्रिय वाचकहो,

गेल्या रविवारी ‘रात्रीचं आकाश’चा शेवटचा लेख तुम्ही वाचलात. त्याखाली चौकटीत दोन ओळी होत्या : हे सदर या लेखाबरोबर समाप्त होत आहे. इतकी वर्षं दर रविवारी भेटणाऱ्या माणसांचा निरोप असा चौकटीतून घेणं मला जमेना. संपादकांना तसं सांगितलं आणि त्यांनी आणखी एका रविवारची ही जागा दिली. आज नकाशा नाही, चंद्रोदयाच्या वेळा नाहीत. आज फक्त तुमच्याशी बोलायचं आहे.

सदर सुरू झालं २००४ साली, शुक्राच्या अधिक्रमणाच्या निमित्ताने. ८ जूनला शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत गेला. त्याआधीचं अधिक्रमण १८८२ सालचं, त्यामुळे ते पाहिलेलं कुणी सांगायला उरलं नव्हतं. ठरलं होतं ते एवढंच की चार लेख लिहायचे : काय होणार, का होणार, डोळे कसे सांभाळायचे आणि झाल्यावर कसं झालं. चौथा लेख छापून आला आणि पत्रं यायला लागली. त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता : आता पुढे काय बघायचं? ते ‘पुढे’ मग संपलंच नाही.

पहिल्या दिवसापासून एक नियम पाळला. जे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, ते स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. कृत्तिकांमध्ये मला सहा तारका दिसल्या, तर सहाच लिहायच्या. पुस्तकात सात असतात म्हणून सात लिहायच्या नाहीत. त्यामुळे पुष्कळ वेळा मजकूर शेवटच्या क्षणी गेला. पुरवणीचं पान लावणाऱ्या उपसंपादकांनी ढग सरण्याची वाट माझ्याबरोबर पाहिली, हे त्यांचे उपकार.

पण लिहावं कसं, हे मला एका वाचकाने शिकवलं. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती. लेख त्यांची सून वाचून दाखवायची, पत्रही तिच्याच अक्षरात होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही लिहिता, तारा क्षितिजापासून तीस अंशांवर आहे. मला तारा दिसत नाही, पण नातवाला दाखवायचा आहे. हात किती वर करू ते सांगा.’

मी ते पत्र बराच वेळ हातात धरून बसले. मग उत्तर लिहिलं : हात सरळ पुढे ताणून मूठ वळली, की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. करंगळी झाकते एक अंश. तीस अंश म्हणजे क्षितिजापासून एकावर एक तीन मुठी. महिन्याभराने त्यांचं उत्तर आलं. ते गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, मुठीवर मूठ ठेवत गेले आणि म्हणाले, ‘इथे बघ, तांबूस दिसतोय का?’ नातू म्हणाला, ‘हो आजोबा, दिसतोय.’ ती रोहिणी होती.

त्यानंतर या सदरात मी अंश लिहिले नाहीत. मुठी लिहिल्या, बोटं लिहिली. तुम्हाला ती पद्धत माझी वाटत आली असेल, म्हणून तिचा खरा धनी आज सांगून टाकते.

दुसरं पत्र डिसेंबर २०१९मधलं. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेचं. कामावरून सुटल्यावर दोन मिनिटं मृग नक्षत्र बघायचं आणि मग घरी जायचं, असा त्यांचा नेम. ‘काक्षी तारा मंद झालाय का? का माझेच डोळे थकलेत? रोहिणीपेक्षा उजळ असायचा, आता तसा वाटत नाही.’ त्याच सुमारास खगोलशास्त्रज्ञही हेच नोंदवत होते. फेब्रुवारी २०२०पर्यंत काक्षी मंदावत गेला आणि नंतर सावरला. त्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आड आली, असा उलगडा पुढे झाला. या बाईंकडे दुर्बीण नव्हती की यंत्र नव्हतं. रोज दोन मिनिटं पाहण्याची सवय तेवढी होती. मी ज्याला वाचक म्हणते, तो हा असा.

म्हणूनच तुम्हाला मी कधी आकाशाच्या ऐपतीपेक्षा जास्त काही कबूल केलं नाही. २०१३ साली आयसॉन धूमकेतूचा ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून गाजावाजा सुरू होता, तेव्हा या जागेत लिहिलं होतं की तो सूर्याजवळून सुखरूप बाहेर पडतो का ते आधी पाहू. २८ नोव्हेंबरला तो सूर्याला वळसा घालताना विखुरला. दर काही महिन्यांनी ‘सगळे ग्रह एका रांगेत’ अशी बातमी फिरते, तेव्हाही कोणता खरंच दिसेल आणि कोणता दुर्बिणीशिवाय दिसणार नाही, एवढंच सांगितलं. अशा मथळ्यांचा मला मनापासून राग आहे. त्यावर विश्वासून पोराला झोपेतून उठवून बाहेर आणलेल्या बापाला काहीच दिसलं नाही, तर तो पुन्हा वर बघत नाही.

आता थांबते आहे, ते त्याच नियमामुळे. माझ्या डोळ्यांना हल्ली अंधुक तारे दिसत नाहीत. शस्त्रक्रियेने फरक पडला, पण पूर्वीसारखं नाही. सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती मला गेल्या हिवाळ्यापासून वेगळी दिसलेली नाही. आठवणीवर लिहिता येईल, तक्त्यांवरून लिहिता येईल. कुणाला कळणारही नाही. पण ते तुमच्याशी बरोबर होणार नाही.

पुढे बघायला पुष्कळ आहे. २ ऑगस्ट २०२७च्या खग्रास सूर्यग्रहणात इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकेल. १३ एप्रिल २०२९ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल आणि काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. तो आदळणार नाही. तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हॅलेचा धूमकेतू २०६१ साली परत येईल. तो पाहणारी मुलं आज तुमच्या घरात आहेत.

तुमची पत्रं माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. ज्यांना उत्तर गेलेलं नाही, त्यांना ते जाईल, थोडा वेळ द्या.

एकाचं उत्तर इथेच देते, कारण ते अनेकांच्या उपयोगी पडेल. एका आईने विचारलं आहे, ‘मुलगी सहा वर्षांची आहे, तिला पहिला तारा कोणता दाखवू?’ ताई, तारा नका दाखवू, चंद्र दाखवा. अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कोर दिसेल. एका ठरलेल्या जागी उभं राहून, झाड किंवा खांब खुणेला धरून तिला जागा लक्षात ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी जा. चंद्र कालच्या जागी नसेल. तो किती सरकला हे तिला मुठीने मोजू द्या, एका मुठीहून थोडं जास्त भरेल. तिची मूठ लहान आहे, पण हातही तेवढाच लहान, त्यामुळे हिशेब बरोबर येतो. तो रोज का सरकतो, हे मात्र तिने विचारेपर्यंत सांगू नका.

आपली,
‘रात्रीचं आकाश’ची लेखिका