वैजयंती

वैजयंती माझे नाव, मीच मला हाक देते,
ओठांवर अनोळखी, तरी पुन्हा पुन्हा घेते ॥ धृ ॥

ताम्हनात तांदळांत अंगठीने लिहिलेले
नवे नाव सासरचे निमूटपणे मी ल्याले,
आणि वैजयंती माझी दहावीच्या दाखल्यात
घडी घालून ठेवली पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत.
आई होती तोवर ती हाक कधी कानी येई,
नंतर त्या दारातही झाले आत्या, झाले ताई ॥ १ ॥

कोणी म्हणे सूनबाई, कोणी काकू, कोणी मामी,
ज्या हाकेला जे हवे ते घेऊनिया धावले मी.
डबे, औषधे, अभ्यास, सण, पाहुणे, आजार,
यांत माझ्याच नावाचा कोणी घ्यावा समाचार?
तक्रार ही नव्हे मुळी, प्रेमाने मी केले सारे,
उखाण्यांत ‘त्यांचे’ नाव गुंफले मी किती बरे;
माझे नाव यमकात कोणी कधी गुंफले ना,
आणि मीही इतक्या वर्षांत त्याला कधी स्मरले ना ॥ २ ॥

वाचनालयाच्या नव्या अर्जासमोर बसले,
पहिल्याच रकान्यात पेन माझे थबकले;
मग शाळेतल्या त्याच वळणाच्या अक्षरांनी
वैजयंती हेच नाव सावकाश लिहिले मी.
सून विचारते, “आई, हे नाव बरे कुणाचे?”
“माझेच गं,” म्हणते मी, “बारशाच्या पाळण्याचे!” ॥ ३ ॥

संक्रांतीच्या वाणावेळी उखाण्याचा हट्ट करा,
यंदा माझा उखाणाही माझ्या नावे ऐका जरा:
“चांदीचिया वाटीमध्ये हलव्याला येतो काटा,
वैजयंती नाव घेते स्वतःचे, हलवा वाटा!” ॥ ४ ॥